सोमवार ते शुक्रवारचा गजर सकाळऐवजी संध्याकाळी वाजतो, किंवा एकदाच वाजून गप्प होतो: कारणं आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते: "रात्री पावणेसहाचा गजर लावून झोपलो, सकाळी वाजलाच नाही. फोन खराब झालाय का?" त्याच दिवशी संध्याकाळी पावणेसहाला, सिंहगड रोडच्या गर्दीत बसमध्ये उभं असताना, खिशातला फोन जोरात वाजू लागतो. फोन बिघडलेला नसतो. त्याला जी वेळ सांगितली, त्याच वेळेला तो वाजलेला असतो.

दुसरी तक्रार पहिलीइतकीच सर्रास येते. सोमवारी गजर बरोबर वाजला, मंगळवारी मात्र नाही. तिसरी थोडी कमी, पण जास्त चिडचिड करायला लावणारी: शनिवारी-रविवारीही पहाटे वाजतो आणि घरातल्या सगळ्यांची झोप मोडतो.

दुरुस्ती करण्याआधी गजर कधी वाजला आणि कधी वाजला नाही, एवढं आठवून पाहा. बरोबर बारा तास उशिरा वाजला असेल, तर AM च्या जागी PM पडलं आहे. पहिल्या दिवशी वाजून नंतर बंद झाला असेल, तर वार निवडलेले नाहीत. सुट्टीच्या दिवशीही वाजत असेल, तर एकतर सातही वार निवडले आहेत किंवा फोनमध्ये दुसरा एखादा जुना गजर जिवंत आहे. आणि कित्येक आठवडे नीट वाजणारा गजर मध्येच एका सोमवारी वाजला नाही, तर आदल्या सुट्टीत कुणीतरी त्याचं बटण बंद केलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

PM आपोआप कुठून येतं

बहुतेक लोक गजर रात्री झोपण्यापूर्वी लावतात, आणि चुकीचं मूळ तिथेच आहे. आयफोनवर आणि इतरही बऱ्याच फोनवर नवा गजर उघडला की त्यात आत्ताची वेळ भरलेली असते. रात्री साडेनऊला उघडलात तर समोर 9:30 PM दिसतं. तुम्ही तासाच्या जागी 5 आणि मिनिटांच्या जागी 45 आणता, आकडे हवे तसे झाले म्हणून समाधान होतं आणि जतन करता. PM ला कुणी हातच लावलेला नसतो. ते होतं तसंच राहतं.

गोल तबकडीच्या घड्याळात, म्हणजे गूगलच्या Clock अ‍ॅपमध्ये, हे आणखी सहज होतं. तबकडीवर 5 दाबलं की ती लगेच मिनिटांवर जाते, 45 दाबलं की काम झाल्यासारखं वाटतं. AM आणि PM ची दोन छोटी बटणं आकड्यांच्या बाजूला असतात आणि ती वेगळी दाबावी लागतात. तबकडीवर पाचचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी एकाच जागी असतो, त्यामुळे नुसती तबकडी पाहून काहीच कळत नाही.

आयफोनवर आणि सॅमसंगवर आकडे बोटाने वरखाली फिरवायचे असतात. तिथे एक गंमत आहे, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. तासांचे आकडे फिरवताना 11 आणि 12 ची हद्द ओलांडली की AM चं PM किंवा PM चं AM आपोआप होतं. म्हणजे रात्री 9 वरून पुढे 10, 11, 12, 1 असं करत 5 वर गेलात, तर वाटेत बारा लागतात आणि वेळ सकाळची होते. पण 9 वरून मागे 8, 7, 6 करत 5 वर आलात, तर बारा लागतच नाहीत आणि वेळ संध्याकाळचीच राहते. दोन्ही वेळा समोर 5 दिसतो. म्हणूनच "काल असाच लावला होता, तेव्हा तर सकाळी वाजला" असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नसतं. काल बोट वेगळ्या दिशेने फिरलेलं असतं.

त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी तास, मग मिनिटं, आणि AM आहे का हे सगळ्यात शेवटी पाहायचं. आधीच AM करून नंतर तास फिरवलात, तर फिरवताफिरवता ते पुन्हा PM होऊ शकतं.

फोन मराठीत ठेवला असेल तर काही फोनवर AM, PM च्या जागी म.पू. आणि म.उ. अशी अक्षरं दिसतात. म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व, आपली सकाळ; म.उ. म्हणजे मध्यान्होत्तर. घाईत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तिथे जरा थांबून वाचावं लागतं.

वार निवडताना

वार निवडले नाहीत तर फोन तो गजर एकदाच वाजवतो आणि स्वतःहून बंद करतो. नावापुढचं बटण राखाडी होतं. मंगळवारी न वाजण्याचं कारण एवढंच.

इंग्रजी भाषेतल्या अँड्रॉइड फोनवर वार एका ओळीत सात गोलांत असतात: S M T W T F S. दोन S, दोन T. सोमवार ते शुक्रवार हवं असेल तर दोन्ही टोकांचे S सोडून मधले पाच गोल दाबायचे, त्यात गोंधळ होत नाही. पण काही फोनवर आठवडा सोमवारपासून सुरू होतो, मग ओळ M T W T F S S अशी असते आणि शेवटचे दोन सोडायचे असतात. सवयीने मधले पाच दाबले तर मंगळवार ते शनिवार निवडले जातात. सोमवारी गजर वाजत नाही आणि शनिवारी वाजतो. सोमवार बुडाला आणि शनिवार उगवला अशी जोडगोळी दिसली, की दुसरं काही शोधू नका, ही ओळच तपासा.

ओळीत W एकदाच येतो, तो बुधवार. त्याच्या अलीकडचा T मंगळवार, पलीकडचा गुरुवार. हे पुण्यात विशेष कामाचं आहे, कारण भोसरी, चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अशा कामगाराला W च्या पलीकडचा T बंद ठेवायचा आणि बाकीचे सहा चालू. अलीकडचा बंद झाला तर मंगळवारी पाळी चुकते आणि गुरुवारी सुट्टीच्या दिवशी पहाटे जाग येते. शनिवारचा S ओळखायची खूणही अशीच: F ला चिकटलेला S शनिवार. फोन मराठीत असेल तर र, सो, मं, बु, गु, शु, श अशी अक्षरं येतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

निवडलेला गोल रंगाने भरलेला दिसतो, न निवडलेला रिकामा किंवा फिका. गडद पार्श्वभूमी ठेवलेल्या फोनवर कोणता भरलेला आणि कोणता रिकामा हे पटकन कळत नाही. तेव्हा गोलांकडे न पाहता गजरांच्या यादीतली ओळ वाचा. तिथे वारांची नावं लिहिलेली असतात.

कोणत्या फोनवर काय दाबायचं

गूगलचं Clock अ‍ॅप असेल तर Alarm मध्ये जा, खालचं + दाबा, तास आणि मिनिटं निवडा, AM दाबा, OK करा. मग त्या गजराची पट्टी उघडते, तिच्यात सात गोल असतात. सोमवार ते शुक्रवार दाबा. तबकडी नकोशी वाटत असेल तर कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चित्र असतं, ते दाबून आकडे सरळ टाइप करता येतात. AM मात्र तिथेही पाहावंच लागतं.

सॅमसंगवर + दाबलं की आकडे फिरवायचे रकाने येतात आणि त्याखाली वारांची ओळ. वार निवडण्याआधी तिथे Tomorrow आणि उद्याची तारीख लिहिलेली असते. वार निवडले की त्या जागी Every शब्द आणि निवडलेल्या वारांची नावं येतात. Tomorrow दिसतंय तोवर तो गजर एकदाच वाजणारा आहे. शेवटी Save दाबायला विसरू नका.

शाओमीच्या फोनवर Repeat मध्ये तयार पर्याय मिळतात: Once, Daily, Mon to Fri आणि Custom. त्यात Mon to Fri निवडलं की वार एकेक दाबायची गरज नाही. कोपऱ्यातली बरोबरची खूण दाबली तरच बदल जतन होतो. मागे जाण्याचं बटण दाबून बाहेर पडलात, तर केलेलं सगळं वाया जातं.

आयफोनवर Clock मध्ये Alarms, मग +. वेळ ठरवा, AM पाहा, Repeat उघडा. तिथे मुळात Never असतं. Every Monday पासून Every Friday पर्यंत पाच ओळींवर खूण करा, मागे या आणि जतन करा. यादीत वेळेच्या खाली Weekdays असं दिसलं पाहिजे. पाचातला एकही वार राहिला असेल, तर Weekdays न दिसता वारांची सुटी सुटी नावं दिसतात. आयफोनवरची सगळ्यात सोपी तपासणी हीच: 5:45 AM आणि Weekdays, दोन्ही शब्द एकाखाली एक दिसले की झालं.

उरलेला वेळ वाचून सकाळ-संध्याकाळ ओळखणं

बहुतेक अँड्रॉइड फोन गजर जतन करताच खाली एक ओळ दाखवतात: गजर इतक्या तासांनी आणि इतक्या मिनिटांनी वाजेल. ती दोन-तीन सेकंदांत जाते आणि लोक ती वाचत नाहीत. सॅमसंग आणि शाओमीवर हीच माहिती गजरांच्या यादीच्या वरच्या भागात दिसते. खरं तर AM-PM तपासायचं याहून चांगलं साधन फोनमध्ये नाही, कारण ती दोन अक्षरं डोळ्यांतून निसटतात, पण आठ तास आणि वीस तास यांतला फरक निसटत नाही.

कोथरूडमधलं एक घर घ्या. मुलगी सातवीत आहे, शाळेची व्हॅन साडेसहाला सोसायटीच्या फाटकाशी येते, म्हणून आईला पावणेसहाचा गजर हवा आहे. रविवारी रात्री साडेनऊला ती तो लावते. सकाळ निवडली गेली असेल तर फोन म्हणेल, 8 तास 15 मिनिटं. साडेनऊ ते मध्यरात्र अडीच तास, त्यापुढे पावणेसहा तास, बेरीज सव्वाआठ. संध्याकाळ निवडली गेली असेल तर फोन 20 तास 15 मिनिटं सांगेल. फरक नेमका बारा तासांचा. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर लावला, तर हा आकडा बाराच्या आत असायलाच हवा. बाराच्या वर गेला तर तो सकाळचा नाही.

हाच गजर तिने शुक्रवारी रात्री साडेनऊला लावला तर आकडा वेगळा येतो आणि लोक घाबरून वार पुसून टाकतात. शनिवार-रविवार निवडलेले नाहीत, त्यामुळे पुढचा गजर थेट सोमवारी. बरोबर उत्तर 2 दिवस 8 तास 15 मिनिटं. चुकीचं असेल तर 2 दिवस 20 तास 15 मिनिटं. इथे दिवस बाजूला ठेवायचे आणि फक्त तासांचा आकडा पाहायचा, नियम तोच राहतो. शिवाय ते दोन दिवस दिसणं ही शनिवार-रविवार खरोखर वगळले गेल्याची पावती आहे. शुक्रवारी रात्री नुसतं 8 तास 15 मिनिटं दिसलं, तर शनिवार चालू आहे असं समजा.

सावध राहायचं ते दिवसा गजर लावताना. सोमवारी सकाळी दहाला, ऑफिसात बसून मंगळवारचा पावणेसहाचा गजर लावला, तर बरोबर आकडा 19 तास 45 मिनिटं आहे. चुकून PM असेल तर फोन 7 तास 45 मिनिटं दाखवेल, कारण त्याच संध्याकाळी पावणेसहा वाजायचे आहेत. म्हणजे इथे छोटा आकडा चुकीचा आणि मोठा बरोबर. "आठेक तास, ठीक आहे, तेवढीच झोप" असं मनात येऊन फसायला होतं. हा हिशेब डोक्यात ठेवायचा नसेल तर गजर संध्याकाळी सहानंतरच लावा आणि बाराच्या आतला आकडा शोधा.

ती ओळ वाचायच्या आत नाहीशी झाली, तर गजराचं बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करा. ओळ परत दिसते. आयफोन असा उरलेला वेळ दाखवत नाही, तिथे यादी वाचण्यावरच भागवावं लागतं, किंवा पुढचा उपाय करावा लागतो.

दोन मिनिटांनंतरचा गजर लावून तो वाजतो का पाहणं, ही पुष्कळ लोकांची आवडती चाचणी आहे. तिच्यातून आवाज येतो की नाही, एवढंच कळतं. रात्री केलेल्या चाचणीत वेळ PM चीच असते आणि ती वाजतेच. मग तोच गजर उघडून नुसते आकडे बदलले जातात आणि PM तसंच पुढे जातं. चाचणी करायची तर वेगळ्या गजरावर करा आणि नंतर तो पुसून टाका.

चोवीस तासांचं घड्याळ

चूक वारंवार होत असेल तर AM-PM चा प्रश्नच काढून टाकता येतो. फोन चोवीस तासांच्या वेळेवर ठेवायचा. रेल्वेच्या वेळापत्रकात 17:45 वाचायची सवय पुण्यात बहुतेकांना आहेच, आणि संध्याकाळच्या पावणेसहाला कुणी चुकून 5:45 म्हणणार नाही.

आयफोनवर Settings, General, Date & Time मध्ये 24-Hour Time चालू करा. सॅमसंगवर Settings, General management, Date and time मध्ये Use 24-hour format. इतर अँड्रॉइड फोनवर हे बहुधा Settings मध्ये System खाली Date & time मध्ये सापडतं, शाओमीवर Additional settings मध्ये. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 24 लिहा.

याचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो. घड्याळ चोवीस तासांवर नेलं तरी लावलेले गजर बदलत नाहीत, फक्त ते दिसतात वेगळे. यादी उघडा. सकाळचा म्हणून लावलेला गजर 17:45 असा दिसला की चोर सापडला. ज्या फोनमध्ये दहा-बारा जुने गजर साठले आहेत, तिथे तर ही सगळ्यात जलद पद्धत आहे: तासाच्या जागी 12 किंवा त्याहून मोठा आकडा असलेला प्रत्येक गजर दुपारचा, संध्याकाळचा किंवा रात्रीचा. तपासणी झाल्यावर घड्याळ पुन्हा बारा तासांवर आणायला हरकत नाही.

तबकडीच्या घड्याळात चोवीस तासांच्या पद्धतीत आकड्यांची दोन वर्तुळं येतात, एकात एक. बोट जरा सरकलं तर 5 ऐवजी 17 निवडला जातो. तेव्हा तबकडीच्या वरचे मोठे आकडे वाचूनच OK करा. ज्येष्ठांच्या फोनवर मात्र हा बदल त्यांना विचारूनच करावा. रोजचं घड्याळ 21:10 दाखवू लागलं की काहींना ते अजिबात आवडत नाही, आणि मग नातवंडांना फोन जातो.

शनिवारीही वाजतोय

वारांची ओळ बरोबर असूनही शनिवारी वाजत असेल तर तो गजर हा नव्हेच. यादी खालपर्यंत सरकवून त्याच वेळेचा किंवा पाच मिनिटं पुढेमागे असलेला दुसरा गजर शोधा. एक गजर चुकला म्हणून त्याची दुरुस्ती न करता नवा लावण्याची सवय सगळ्यांनाच असते, त्यामुळे चुकलेले मागे राहतात. प्रत्येक गजराला नाव देता येतं, त्याच्या Label मध्ये "शाळा" किंवा "पाणी भरणे" असं लिहिलं तर वाजल्यावर पडद्यावर कोणता वाजतोय ते लगेच कळतं.

यादीत काहीच सापडलं नाही तर झोपेचं वेळापत्रक पाहा. आयफोनवर गजरांच्या वर Sleep आणि Wake Up असा वेगळा भाग असतो, गूगलच्या Clock मध्ये Bedtime असतं. तिथल्या गजराचे वार वेगळे ठरवलेले असतात, आणि नेहमीच्या यादीत बदल करून त्याला काहीच फरक पडत नाही. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळातही स्वतंत्र गजर असू शकतो. फोन शांत आणि मनगट थरथरतंय, असं असेल तर तिकडे बघा.

सुट्टीनंतर गप्प झालेला गजर

बुधवारी सणाची सुट्टी आली. मंगळवारी रात्री गजराचं बटण बंद केलं. गुरुवारी कामावर जायचं आहे आणि गजर वाजत नाही. बटण बंद केलं की त्या दिवसापुरता नाही, तर तो गजर सगळ्या वारांसाठी बंद होतो आणि पुन्हा चालू करेपर्यंत बंदच राहतो. पुनरावृत्तीच्या गजराची सगळ्यात जास्त तक्रार यातूनच येते. फोनला गणपती विसर्जन किंवा गुढीपाडवा कळत नाही, त्याला फक्त बुधवार कळतो.

अँड्रॉइडवर एका दिवसापुरतं थांबवायचा मार्ग आहे. गजराच्या वेळेआधी काही काळ सूचनांमध्ये येऊ घातलेल्या गजराची सूचना येते, गूगलच्या Clock मध्ये ती साधारण दोन तास आधी दिसते. तिथलं Dismiss दाबलं की तेवढाच चुकवला जातो, पुढच्या वारांचे शाबूत राहतात. पण पहाटे पावणेसहाच्या गजराची सूचना पावणेचारला येणार, तेव्हा जागं कोण असतं? म्हणून गूगलच्या Clock च्या नव्या आवृत्त्यांत गजराच्या पट्टीत Pause alarm दिसत असेल तर ते वापरावं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं ते सांगता येतं आणि नंतर गजर स्वतःहून सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी हे फार सोयीचं आहे.

आयफोनच्या साध्या गजराला असं एक दिवस वगळणं जमत नाही. तिथे बटण बंद करतानाच Reminders मध्ये सुट्टीच्या दिवशी रात्री नऊची आठवण टाकून ठेवा: गजर चालू करणे. दोन्ही कामं एकाच बैठकीत झाली तरच त्याचा उपयोग.

बँकेत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, बाकीच्या शनिवारी काम. फोनच्या गजरात मात्र "दुसरा शनिवार" असा पर्यायच नसतो, त्याला सगळे शनिवार सारखे. यासाठी सोमवार ते शुक्रवारचा एक गजर आणि फक्त शनिवारचा दुसरा, असे दोन वेगळे लावा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या आदल्या रात्री शनिवारचाच बंद करायचा. तो चालू करायला विसरलात तरी सोमवार बुडत नाही. राज्य सरकारी कार्यालयांत फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे तिथल्यांना एकच गजर पुरतो.

रात्रपाळीवाल्यांसाठी

हिंजवडीत परदेशी वेळेप्रमाणे काम करणाऱ्यांची चूक वेगळ्याच जागी होते. गाडी मध्यरात्रीनंतर येते, म्हणून साडेबाराचा गजर लावायचा असतो. रात्रीचे साडेबारा म्हणजे 12:30 AM, दुपारचे साडेबारा 12:30 PM. "रात्र म्हणजे PM" असं धरून चाललं तर गजर भर दुपारी, गाढ झोपेत वाजतो. चोवीस तासांच्या पद्धतीत हाच 00:30 दिसतो.

AM बरोबर असूनही वार चुकतात ते यानंतर. सोमवारच्या रात्री जी गाडी येते, तिची साडेबाराची वेळ फोनच्या हिशेबाने मंगळवारची असते, कारण बारा वाजता तारीख आणि वार बदलतात. सोमवार ते शुक्रवार रात्री कामावर जाणाऱ्याने गजरात मंगळवार ते शनिवार निवडायचे. सोमवार ते शुक्रवार निवडले तर रविवारी रात्री, म्हणजे सुट्टीच्या रात्री, गजर वाजतो आणि शुक्रवारी रात्री वाजतच नाही. गजर 11:45 PM चा असेल तर मात्र वार नेहमीसारखेच, सोमवार ते शुक्रवार. पंचेचाळीस मिनिटं इकडेतिकडे झाली की पाचही वार एक घर पुढे सरकतात, त्यामुळे गाडीची वेळ बदलल्याचा निरोप आला की आकड्यांबरोबर वारांची ओळही पुन्हा पाहावी लागते.